चिकोडीचा करार आणि निपाणीचा प्रश्न: वितरक करारातली चार कलमे एका पानावर आणताना

प्रश्न: बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या पीव्हीसी पाईप कंपनीचा डेपो आहे, तिथले कमर्शियल काम मी पाहतो. चिकोडीच्या वितरकाबरोबर १२ मे २०१६ रोजी झालेला इंग्रजी करार ३१ पानांचा आहे. विभागीय विक्री व्यवस्थापक साहेबांना त्यातले क्षेत्र, टार्गेट, एक्सक्लुझिव्हिटी आणि टर्मिनेशन एवढेच एका पानावर मराठीत हवे आहे. डिसेंबर २०२४ अखेर सलग दोन तिमाही टार्गेट चुकले म्हणून निपाणीत दुसरा वितरक नेमायचा त्यांचा विचार आहे. कागदांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. सारांश कसा काढावा?

उत्तर:

आपण पाठवलेले कागद मी दोनदा वाचले. साहेबांनी चार गोष्टी मागितल्या असल्या तरी या करारात त्या चार स्वतंत्र गोष्टी नाहीत. एक्सक्लुझिव्हिटी क्षेत्रापुरती आहे, ती टिकणे टार्गेटवर अवलंबून आहे, आणि टार्गेट चुकल्याचा परिणाम काय हे टर्मिनेशनच्या कलमात नसून टार्गेटच्या कलमाच्या शेवटच्या ओळीत लिहिलेले आहे. चार मथळे शोधून त्यांखालचा मजकूर जसाच्या तसा मराठीत उतरवला, तर प्रत्येक ओळ खरी असूनही पान चुकीचे ठरेल. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः असाच एक सारांश केला होता. त्यात ‘वितरकास संपूर्ण जिल्ह्यासाठी एक्सक्लुझिव्ह हक्क’ असे लिहिले आणि दोन पाने पुढे असलेला साखर कारखान्यांचा अपवाद माझ्या नजरेतून सुटला. त्या वर्षी कारखान्यांना थेट माल द्यायचे कंपनीने टाळले, आणि कारण विचारले गेले तेव्हा माझे ते पान पुढे आले.

म्हणून वाचायला सुरुवात कलम १ पासून, म्हणजे व्याख्यांपासून करावी. ‘टेरिटरी’, ‘नेट सेल्स’, ‘क्वार्टर’ आणि ‘प्रॉडक्ट्स’ या चार शब्दांच्या व्याख्या वेगळ्या कागदावर लिहून तो कागद शेजारी ठेवावा. त्यानंतर सगळा करार एकदा फक्त तीन प्रकारच्या शब्दप्रयोगांसाठी चाळावा: ‘सब्जेक्ट टू’, ‘नॉटविथस्टँडिंग’ आणि ‘प्रोव्हायडेड दॅट’. पहिला शब्द सांगतो की हे कलम दुसऱ्या कुठल्या तरी कलमाच्या हाताखाली आहे. दुसरा सांगतो की हे कलम बाकीच्यांवर मात करते. तिसरा दिलेल्यातून काहीतरी परत काढून घेतो. आपल्या करारात कलम ४.१ ‘सब्जेक्ट टू ४.३ अँड ६.४’ या शब्दांनी सुरू होते. सगळ्या करारातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे, आणि ती घाईत वाचली जाते, कारण डोळा पुढच्या ‘एक्सक्लुझिव्ह’ या शब्दाकडे धावतो.

आता क्षेत्र. कलम २ मध्ये क्षेत्र लिहिलेलेच नाही; ते परिशिष्ट ‘अ’ कडे पाठवते, आणि परिशिष्टात एवढेच आहे: बेळगावी जिल्ह्यातील चिकोडी व हुक्केरी तालुके. साहेब आजचा नकाशा पाहत असतील तर त्यांना निपाणी हा वेगळा तालुका दिसेल आणि तो परिशिष्टात नाही, म्हणजे मोकळा आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु करारावर सह्या झाल्या तेव्हा निपाणी चिकोडी तालुक्यातच होती. २०१७-१८ च्या सुमारास कर्नाटक सरकारने नवे तालुके केले, तेव्हा चिकोडीतून निपाणी आणि अथणीतून कागवाड वेगळे झाले. आपल्या जिल्ह्यातल्या त्याआधीच्या कुठल्याही करारात तालुक्याचे नाव दिसले की पहिला प्रश्न हाच विचारावा, की हा तालुका कोणत्या तारखेचा?

परिशिष्टात ‘वेळोवेळी अस्तित्वात असेल त्याप्रमाणे’ असे शब्द असते, तर तालुक्याची सीमा बदलल्याबरोबर क्षेत्रही बदलते असे म्हणता आले असते. ‘कराराच्या तारखेस असलेला’ असे शब्द असते, तर निपाणी नक्की आत राहिली असती. येथे दोन्ही नाहीत. अशा वेळी सह्या करताना दोन्ही पक्षांच्या मनात कोणता भूभाग होता आणि त्यानंतर ते कसे वागले हे पाहिले जाते. वागणुकीचा पुरावा आपल्या स्वतःच्या लेजरमध्येच आहे: तालुका वेगळा झाल्यानंतरही निपाणीतल्या सगळ्या दुकानांना याच वितरकाकडून माल गेला, आणि कंपनीने त्याला दिलेल्या २०१९ च्या टार्गेट पत्रात निपाणीची दुकाने नावानिशी आहेत. त्यामुळे सारांशात ‘निपाणी क्षेत्राबाहेर’ असे लिहू नये. ‘निपाणी क्षेत्रात धरावी लागेल, परिशिष्टाची भाषा मोघम आहे, वकिलांचे मत घ्यावे’ असे लिहावे.

अथणीचे प्रकरण याच्या उलट आहे. २०१९ मध्ये आपल्या तत्कालीन एरिया मॅनेजरांनी वितरकाला ‘अथणीही तुम्हीच पाहा’ असा ईमेल केला आणि तेव्हापासून माल जातो आहे. मात्र कलम १५.२ म्हणते की करारात बदल दोन्ही पक्षांच्या सह्यांच्या लेखी दस्तऐवजानेच होईल. तेव्हा अथणीत वितरक माल विकतो ही वस्तुस्थिती आहे, पण तेथे त्याला एक्सक्लुझिव्ह हक्क मिळाला असे करारावरून म्हणता येत नाही. हे दोन तालुके एकाच ओळीत लिहिले की साहेबांचा गोंधळ होणार. म्हणून त्यांच्या ओळी वेगळ्या ठेवाव्यात.

सीमाभागातला आणखी एक मुद्दा क्षेत्राखालीच यायला हवा. निपाणीपासून कागल आणि संकेश्वरपासून गडहिंग्लज इतके जवळ आहे की शेतकरी राज्य पाहून पाईप घेत नाही, दर पाहून घेतो. आपल्या वितरकाने ऑगस्टमध्ये लेखी तक्रार केली आहे की कोल्हापूर बाजूचा माल निपाणीत उतरतो आणि म्हणून त्याची विक्री घटली. कलम २.४ नुसार इतर वितरकांना या क्षेत्रात विक्री करण्यापासून रोखण्यासाठी कंपनी ‘रिझनेबल एन्डेव्हर्स’ करील. याचा अर्थ माल येणारच नाही अशी हमी कंपनीने दिलेली नाही. परंतु तक्रार आल्यावर काहीच केले नाही तर तेही चालणार नाही. ऑगस्टच्या पत्राला उत्तर गेल्याचे मला फाइलमध्ये दिसले नाही. ते गेले नसेल तर सारांशात तसे स्पष्ट लिहावे. तक्रार तपासताना कोल्हापूरच्या वितरकाच्या बिलांवरचे जीएसटी क्रमांक पाहावेत: २९ ने सुरू होणारा क्रमांक कर्नाटकातल्या नोंदणीचा, २७ ने सुरू होणारा महाराष्ट्रातल्या. तरीही क्रमांकावरून खरेदीदाराची नोंदणी कळते, माल कुठे उतरला ते कळत नाही. त्यासाठी ई-वे बिलावरचा पोहोचविण्याचा पत्ता पाहावा लागतो.

टार्गेटच्या बाबतीत मला साहेबांचा तक्ता सर्वांत जास्त खटकला. वार्षिक टार्गेट १ कोटी २० लाख आहे हे बरोबर. तक्त्यात त्याचे चार समान भाग करून प्रत्येक तिमाहीला ३० लाख धरले आहेत. परिशिष्ट ‘ब’ मध्ये मात्र विभागणी अशी आहे: एप्रिल ते जून ३० लाख, जुलै ते सप्टेंबर २० लाख, ऑक्टोबर ते डिसेंबर ३० लाख, जानेवारी ते मार्च ४० लाख. पावसात शेतात चर खणून पाईप कोण टाकतो? करार करणाऱ्यांनी हंगाम ओळखून आकडे बसवले होते, आणि नंतर कुणीतरी संगणकावर चाराने भागून टाकले.

‘नेट सेल्स’ची व्याख्या त्याहून महत्त्वाची आहे. कंपनीने वितरकाला केलेले बिलिंग, कर वगळून, परत आलेला माल व क्रेडिट नोटा वजा करून. आणि त्यात मिळवायची एक रक्कम: वितरकाने दिलेली जी लेखी ऑर्डर कंपनीने ३० दिवसांत पुरी केली नाही, तिची किंमत विक्री झाली असे धरायचे, अर्थात थकबाकीमुळे माल अडवला असेल तर नाही. वितरकाने पुढे दुकानदारांना किती माल विकला याच्याशी या व्याख्येचा काही संबंध नाही, ही गोष्ट साहेबांना वेगळी सांगावी, कारण विक्रीची माणसे ‘सेल’ म्हणताना बहुधा दुकानापर्यंतची विक्री मनात धरतात.

या व्याख्येप्रमाणे आकडे पुन्हा मांडले. जुलै ते सप्टेंबरमध्ये बिलांची एकूण रक्कम १८.८८ लाख होती. त्यातून १८ टक्के कर काढला की १६ लाख उरतात. २० लाखांच्या टार्गेटवर हे ८० टक्के झाले. साहेबांच्या तक्त्यात तेच १६ लाख ३० लाखांशी ताडले गेले, म्हणून ५३ टक्के दिसतात. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये करवजा बिलिंग २१ लाख, परत आलेला माल ६० हजारांचा, म्हणजे २०.४० लाख, आणि ३० लाखांवर ६८ टक्के. परंतु नोव्हेंबरच्या सुरुवातीची ३ लाखांची एक ऑर्डर डेपोत माल नसल्यामुळे ४१ दिवस पडून राहिली आणि शेवटी रद्द झाली. त्या काळात वितरकाच्या खात्यावर थकबाकी नव्हती. ही रक्कम व्याख्येप्रमाणे मिळवली की २३.४० लाख, म्हणजे ७८ टक्के होतात.

आता कलम ६.४ वाचा. सलग दोन तिमाही ७५ टक्क्यांपेक्षा कमी विक्री झाल्यास कंपनी ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन एक्सक्लुझिव्ह हक्काचे रूपांतर साध्या हक्कात ‘करू शकेल’. मूळ शब्द ‘मे’ आहे, ‘शॅल’ नाही. म्हणजे टार्गेट चुकल्याबरोबर हक्क आपोआप गळून पडत नाही, कंपनीने पत्र पाठवावे लागते. आणि तशी नोटीस देण्याची अटच अजून पूर्ण झालेली नाही, कारण जुलै-सप्टेंबर तिमाही ८० टक्क्यांवर आहे. त्या ३ लाखांच्या ऑर्डरचा वाद आज निकालात न काढताही एवढे ठामपणे सांगता येते.

मात्र मार्चअखेर हाच वाद निर्णायक ठरेल. चालू तिमाहीचे टार्गेट ४० लाखांचे आहे आणि त्याचे ७५ टक्के ३० लाख होतात. विक्री त्याखाली राहिली, तर ऑक्टोबर-डिसेंबर तिमाही ६८ धरायची की ७८, यावर सगळे अवलंबून राहील. तेव्हा त्या ऑर्डरचा कागद, ती मिळाल्याची तारीख, डेपोचे त्या दिवसांचे स्टॉक रजिस्टर आणि वितरकाचे खाते आजच एका फोल्डरमध्ये ठेवावे. माझ्या मते व्याख्येची भाषा वितरकाच्या बाजूने इतकी स्पष्ट आहे की कंपनीने ७८ धरूनच चालावे.

एक्सक्लुझिव्हिटीबद्दल आता थोडेच उरते. कलम ४.१ चा ‘एक्सक्लुझिव्ह’ हा शब्द कंपनीलाही बांधतो: या क्षेत्रात दुसरा वितरक नाही आणि कंपनीची थेट विक्रीही नाही. ‘सोल’ असा शब्द असता तर सर्वसाधारणपणे दुसरा वितरक नसता, पण कंपनीला स्वतः विकता आले असते. थेट विक्रीची मोकळीक ४.३ मध्ये दिली आहे, ती सरकारी टेंडर आणि साखर कारखान्यांपुरती. ४.५ मध्ये वितरकावर उलटे बंधन आहे, की त्याने करार चालू असताना आणि संपल्यावर एक वर्ष दुसऱ्या कंपनीचे पाईप ठेवू नयेत. यातला पहिला भाग चालण्याजोगा आहे. १९९५ मध्ये गुजरात बॉटलिंग आणि कोका कोला यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने करार चालू असतानाचे असे बंधन आणि करार संपल्यानंतरचे बंधन यांत फरक केला आहे. दुसरा भाग भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ पुढे टिकणे कठीण आहे. साहेबांनी त्या एका वर्षावर कोणतीही योजना उभी करू नये.

टर्मिनेशनमध्ये करारातून बाहेर पडण्याच्या तीन वाटा आहेत आणि प्रत्येकीचे घड्याळ वेगळे आहे. कलम १२.१ नुसार कारण न देता ९० दिवसांची नोटीस. कलम १२.२ नुसार गंभीर करारभंगासाठी, पण आधी ३० दिवसांत दोष दुरुस्त करण्याची संधी देऊन. तिसरी वाट ‘टर्मिनेशन’ या मथळ्याखाली नाहीच, ती मुदतीच्या कलम ३.२ मध्ये आहे: पहिली तीन वर्षे संपल्यावर करार दर वर्षी आपोआप वाढतो, जोपर्यंत मुदत संपण्यापूर्वी किमान ६० दिवस एखाद्या पक्षाची नोटीस दुसऱ्याला मिळत नाही. चालू मुदत ११ मे २०२५ ला संपते.

टार्गेट चुकणे हा गंभीर करारभंग मानून १२.२ वापरता येईल का, हे साहेब विचारतीलच. ६.४ च्या शेवटच्या वाक्यात लिहिले आहे की टार्गेट चुकल्यास एक्सक्लुझिव्हिटीचे रूपांतर हा कंपनीचा ‘सोल रेमेडी’, म्हणजे एकमेव उपाय राहील. त्या दोन शब्दांमुळे टार्गेटच्या कारणावरून करार संपवण्याची वाट बंद होते. तरीही कारण दाखवून करार तोडला आणि ते कारण टिकले नाही, तर काय होते? इंडियन ऑइल आणि अमृतसर गॅस सर्व्हिस यांच्या १९९१ च्या निकालात, ३० दिवसांच्या नोटिशीने संपवता येणाऱ्या वितरण करारात सर्वोच्च न्यायालयाने वितरकत्व परत मिळवून दिले नाही. नोटिशीच्या काळातील कमाईएवढी भरपाई दिली. तो निकाल त्या कराराच्या अटींवर आहे. आपल्याकडे तो मुद्दा आला तर नोटिशीचा काळ ९० दिवसांचा आहे, एवढी नोंद सारांशात पुरे.

करार संपल्यावरच्या जबाबदाऱ्या कलम १२.५ मध्ये आहेत: न उघडलेला माल बिलाच्या किमतीतून १० टक्के वजा करून परत घेणे, आणि हिशेब मिटल्यावर ४५ दिवसांत ५ लाखांची अनामत परत करणे. हे आकडे विक्री विभागाला क्वचितच आठवतात आणि निर्णयाच्या दिवशी अचानक समोर येतात.

प्रत्यक्ष पान लिहिताना प्रत्येक विधानापुढे कलम आणि पान क्रमांक द्यावा, आणि ज्या इंग्रजी शब्दावर अर्थ फिरतो तो शब्द मराठीबरोबर तसाच ठेवावा. कराराची मूळ भाषा इंग्रजी आहे. वाद झाला तर आपले मराठी कुणी वाचणार नाही. माझ्या हातून हे पान असे झाले असते:

‘क्षेत्र: चिकोडी व हुक्केरी तालुके (परिशिष्ट अ). निपाणी २०१६ च्या चिकोडी तालुक्यात होती व पुरवठाही याच वितरकाकडून होतो, म्हणून आत धरावी. वकिलांचे मत आवश्यक. अथणीत पुरवठा आहे, सहीचा दस्तऐवज नाही. सीमेपलीकडील मालाबद्दलची ऑगस्टची तक्रार अनुत्तरित (२.४).

टार्गेट: वार्षिक १.२० कोटी, तिमाही ३०, २०, ३०, ४० लाख (परिशिष्ट ब). करवजा, परतावा वजा, न पुरवलेली ऑर्डर मिळवून (कलम १). जुलै-सप्टेंबर ८० टक्के. ऑक्टोबर-डिसेंबर ७८ टक्के, ३ लाखांची ऑर्डर न धरल्यास ६८.

एक्सक्लुझिव्हिटी: चालू आहे. सरकारी टेंडर व साखर कारखाने वगळून (४.३). सलग दोन तिमाही ७५ टक्क्यांखाली गेल्यास ३० दिवसांच्या नोटिशीने काढता येईल (६.४), अट आज पूर्ण नाही. निपाणीत दुसरा वितरक नेमल्यास ४.१ चा भंग होण्याचा धोका.

समाप्ती: कारणाविना ९० दिवस (१२.१), गंभीर भंगासाठी ३० दिवसांच्या दुरुस्तीनंतर (१२.२), टार्गेट हे कारण चालणार नाही (६.४); नूतनीकरण नाकारणे, नोटीस १२ मार्च २०२५ पर्यंत पोहोचली पाहिजे (३.२). माल परत व अनामत: १२.५.’

साहेबांना निपाणी हवीच असेल तर वितरकाशी बोलून ती क्षेत्रातून वगळण्याचे, दोन्ही सह्यांचे पूरक करारपत्र करणे हा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग आहे. त्या प्रमाणात टार्गेट कमी करून दिले तर तो नाही म्हणेलच असे नाही. हे तुमचे मत म्हणून पानाच्या खाली वेगळे लिहावे, करारातल्या मजकुरात मिसळू नये.

तारखेबद्दल एक सावधगिरी. कलम १६ नुसार नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने करारातल्या पत्त्यावर जावी लागते आणि पाठवल्यापासून पाचव्या दिवशी मिळाली असे मानले जाते. व्हॉट्सअॅप किंवा ईमेल चालत नाही. १२ मार्चला मिळायची म्हणजे ७ मार्च हा पाठवण्याचा अखेरचा दिवस, आणि दिवस मोजताना पहिला दिवस धरायचा की नाही यावर वाद नको म्हणून फेब्रुवारी संपण्याआधीच ती पोस्टात पडावी. वितरकाने आपले दुकान चिकोडीतच दुसऱ्या रस्त्यावर हलवले आहे असे तुमच्या बिलांवरून दिसते. पत्ता बदलल्याची त्याची लेखी सूचना फाइलमध्ये नसेल, तर नोटीस जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पत्त्यांवर पाठवावी.